मेळाव्यातल्या फाशांचा हिशेब

पालकहो, आनंद मेळाव्याची सूचना डायरीत गेली की भेळेच्या किंवा सरबताच्या स्टॉलबद्दल कुणीच काही विचारत नाही. फाशांच्या स्टॉलबद्दल मात्र हमखास विचारणा होते. ‘मॅडम, शाळेत जुगार शिकवता का?’ चाकण-म्हाळुंगेकडच्या कंपन्यांतून सेकंड शिफ्ट करून थकून आलेल्या बापाने हा प्रश्न विचारला, तर तो रास्तच आहे. गावच्या जत्रेत सोरटवाल्यापुढे लोकांचे खिसे रिकामे होताना बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिलेलं असतं. मी गणित शिकवते, तेव्हा उत्तरही हिशेबानेच देते.

आमच्या स्टॉलवर पैसे लागत नाहीत, कूपन लागतं. दहा रुपयांचं एक कूपन, आणि जिंकलेली कूपनं शेजारच्या भेळेच्या नाहीतर वह्या-पेन्सिलींच्या स्टॉलवरच खर्च करायची. रोख हातात येत नाही. महाराष्ट्रात 1887 पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे, त्यामुळे हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. खेळ तुम्हालाही ठाऊक असेल: ‘सात वर, सात खाली’. दोन फासे टाकायचे आणि बेरीज पाहायची. सातापेक्षा कमी येईल म्हणणारा ‘खाली’वर कूपन ठेवतो, जास्त येईल म्हणणारा ‘वर’वर. बरोबर आलं तर एकाची दोन कूपनं मिळतात. उरला नेमका सात. त्यावर कूपन लावणाऱ्याला किती द्यायची, हे स्टॉल मांडणारी मुलं ठरवतात, आणि गणिताचा तास तिथेच सुरू होतो.

मुलांचा पहिला हिशेब बहुतेक वेळा असा असतो: बेरीज दोनपासून बारापर्यंत येऊ शकते, म्हणजे अकरा शक्यता. सात त्यातली एक, म्हणजे अकरात एकदा. मग सातवर दहा कूपनं दिली तरी स्टॉलला थोडं सुटेल. ऐकायला हे अगदी बिनचूक वाटतं. हा स्टॉल असाच उघडला तर मधल्या सुट्टीपर्यंत कूपनांचा डबा रिकामा होईल.

गोम अशी की अकरा बेरजा आहेत खऱ्या, पण त्या सारख्या प्रमाणात पडत नाहीत. हे पटवायला मी एक फासा लाल आणि एक पांढरा घ्यायला सांगते. लालवर सहापैकी काहीही येईल, त्या प्रत्येकाबरोबर पांढऱ्यावर सहापैकी काहीही, म्हणजे छत्तीस जोड्या. वहीत सहा बाय सहा घरांचा तक्ता काढायचा आणि प्रत्येक घरात बेरीज लिहायची. दोन एकाच घरात येतो, बाराही एकाच. सात मात्र एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरतो: एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, चार-तीन, पाच-दोन, सहा-एक. सहा घरं. त्याच्या एका अंगाला पंधरा घरं सातापेक्षा कमी, दुसऱ्या अंगाला पंधरा जास्त. दहावीच्या बीजगणितात पाचवं प्रकरण संभाव्यतेचं आहे, त्यात हाच तक्ता ‘नमुना अवकाश’ या नावाने येतो. परीक्षेपुरता तो सगळ्यांना पाठ असतो, स्टॉलवर मात्र पुन्हा अकराच डोक्यात बसतात. मुलांना मी सांगते, वाईट वाटून घेऊ नका. कलनशास्त्राचा एक जनक लायब्निझ, त्यानेही दोन फाशांवर अकरा आणि बारा सारखेच सोपे मानले होते. पाच-सहा आणि सहा-पाच या दोन वेगळ्या जोड्या आहेत, हे त्याच्याही नजरेतून निसटलं.

आता पैशांकडे येऊ. समजा एक मुलगी छत्तीस वेळा ‘खाली’वर एकेक कूपन ठेवते, आणि नशिबाने कुणाचीच बाजू न घेता छत्तीसच्या छत्तीस जोड्या एकेकदा पडतात. तिने छत्तीस कूपनं लावली. पंधरा वेळा जिंकली, प्रत्येक वेळी दोन, म्हणजे तीस परत आली. सहा स्टॉलकडे राहिली. छत्तीस डावांत सहा, म्हणजे एका डावामागे कूपनाचा सहावा हिस्सा, साधारण एक रुपया सदुसष्ट पैसे. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात. बारावीच्या पुस्तकात ते सूत्राच्या रूपात भेटतं: प्रत्येक निकालाची रक्कम गुणिले त्याची संभाव्यता, आणि सगळ्यांची बेरीज. सातवीतलं पोर मात्र ते छत्तीस घरांवर बोट ठेवून मोजू शकतं.

त्याच तक्त्यावर सातचं बक्षीस तपासा. दहा कूपनं दिली, तर सहा वेळा दहा म्हणजे साठ द्यावी लागतात आणि आलेली असतात छत्तीसच. प्रत्येक डावामागे स्टॉलचे पावणेसात रुपयांच्या आसपास जातात. सहा कूपनं दिली तर छत्तीस आली, छत्तीस गेली, कुणाचंच काही नाही. पाच दिली तर तीस परत जातात, म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’इतकाच तोटा खेळणाऱ्याला सातवरही होतो. मुलं हिशेब करून पाचावर येतात, तेव्हा त्यांना एक गोष्ट आपसूक दिसते: खेळणारा तिन्हींपैकी काहीही निवडो, त्याच्या दहा रुपयांतले सरासरी आठ रुपये तेहतीस पैसेच परत येणार. हुशारीने निवडण्यासारखं त्या टेबलावर काही ठेवलेलंच नाही.

एक खोच इथे सांगितली पाहिजे. एक रुपया सदुसष्ट पैसे हे कुठल्याच डावात कुणाच्या खिशातून जात नाहीत. डावात एकतर अख्खं कूपन जातं नाहीतर जादा येतं. सरासरी दिसायला डाव पुष्कळ व्हावे लागतात, आणि तेवढे डाव खेळतो फक्त स्टॉलवाला. तुमचा मुलगा दोन-चार कूपनं लावून दोन जिंकून घरी येईल आणि म्हणेल, ‘मॅडमचं गणित चुकलं.’ चुकलेलं नसतं. त्याने चार डाव पाहिले, स्टॉलने सगळ्यांचे मिळून दोनशे.

मुलांना अगदी शेवटी कळणारी बाब आणखी निराळी आहे. दोनशे कूपनं लागली म्हणजे दोनशे डाव झाले, असं होत नाही. टेबलाभोवती दहा मुलं उभी आहेत, सगळ्यांनी ‘वर’वर कूपन ठेवलं आणि फासे एकदाच पडले, तर तो दहापट मोठा एकच डाव झाला. दोनशे कूपनांवर स्टॉलची सरासरी कमाई दोन्ही प्रकारांत तीच, तेहतीस-चौतीस कूपनं. चढउतार मात्र फार वेगळा. दोनशे फेकी स्वतंत्र झाल्या तर स्टॉल तोट्यात जाण्याची शक्यता शंभरात एकही नाही. दहा-दहा जणांनी एकाच बाजूला लावून वीसच फेकी झाल्या, तर तीच शक्यता सहात एक होते. म्हणजे हिशेब बिनचूक असूनही अशा सहा मेळाव्यांतल्या एखाद्यात पोरं रडवेली होऊन डबा घेऊन येणार. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी करायला लावते. सुरुवातीला डब्यात पुरेशी जादा कूपनं ठेवायची, आणि फासे टाकण्याआधी दोन्ही बाजू बघायच्या. ‘वर’वर पाच आणि ‘खाली’वर पाच असतील तर हरणाऱ्यांची कूपनं जिंकणाऱ्यांना गेली, स्टॉलच्या डब्याला हातही लागला नाही. सात पडला की दहाही स्टॉलची. मग पोरं स्वतःच ओरडायला लागतात, ‘खालीवर कुणी नाही का? या, खालीवर या!’ सोरटवाला नेमकं असंच का ओरडतो, ते त्यांना त्या क्षणी कळतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. मुलाला मी टेबलाच्या आतल्या बाजूला उभं करते.

हे सगळं फासे सरळ आहेत असं धरून. बाजारातले स्वस्त प्लॅस्टिकचे फासे कधी एका बाजूला जड निघतात. आदल्या दिवशी प्रत्येक फासा एकशेवीस वेळा टाकून खुणा करायच्या. प्रत्येक अंक वीसच्या आसपास यायला हवा. पंधरा किंवा पंचवीस आला तर काळजी नाही, पस्तीस आला तर तो फासा फेकून द्या.

घरी याचा उपयोग मोबाइलपाशी येतो. ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला मोबाइलवरच्या क्रिकेटच्या खेळात दीड कोटी रुपये लागले, आणि काही दिवसांतच त्याचं निलंबनही झालं. आपल्या भागात लोकांच्या लक्षात राहिले ते दीड कोटी. पैशांच्या अशा ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली, तरी नवं काहीतरी येतच राहतं. मुलाने त्याबद्दल विचारलं तर नुसतं ‘वाईट असतं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला विचारा, सगळ्यांनी मिळून किती भरले आणि सगळ्यांना मिळून किती परत मिळाले? क्रिकेटच्या संघात छत्तीस घरांचा तक्ता मांडता येत नाही, निवडीत थोडंफार कसबही असतं. पण जमलेल्या पैशांतून चालवणारा स्वतःचा हिस्सा आधी बाजूला काढतो आणि उरलेलेच वाटतो, हे तर कुणालाही मोजता येतं. सगळ्यांचं मिळून तोट्यातच जाणार, हे तिथेच ठरतं.

तुमचं चुणचुणीत पोर यावर म्हणेल, ‘मग बाबा, विम्याचा हप्ता कशाला भरता? त्यातही सरासरीने कंपनीच कमावते.’ बरोबर बोलतंय. विम्यातही अपेक्षित मूल्य आपल्या विरुद्धच असतं. फरक एवढाच की घरातला एकटा कमावता माणूस गेला आणि मोशीच्या फ्लॅटचे हप्ते बाकी राहिले, तर ते घर सरासरीवर तगत नाही. न पेलणारा धक्का टाळण्यासाठी थोडा तोटा जाणूनबुजून पत्करायचा, हा विमा. पेलणारे पैसे गमावून मोठ्या रकमेची आस धरायची, ती लॉटरी. अपेक्षित मूल्य दोन्हींची किंमत सांगतं. घ्यायचं की नाही, ते आपली ऐपत बघून आपणच ठरवायचं.

या मेळाव्याला जमलं तर पहिल्या शिफ्टनंतर या. त्याआधी रविवारी सापशिडीतला फासा काढा, शेजाऱ्यांकडून दुसरा मागून आणा आणि मुलाकडून छत्तीस घरांचा तक्ता काढून घ्या. मग त्याला एकच विचारा: बारावर कूपन लावू दिलं, तर किती द्यायची? छत्तीसपेक्षा जास्त सांगितली, तर स्टॉलवर त्याला अजून बसवू नका.