शुक्राणू चार, अंडे एक: असे का?

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात एक आकृती हमखास असते. डाव्या बाजूला शुक्राणू कसे तयार होतात ते, उजव्या बाजूला अंडे कसे तयार होते ते. डावीकडे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. उजवीकडे एकीपासून शेवटी एकच मोठी पेशी, आणि तिच्या शेजारी तीन बारीक टिंबे, त्यांना नाव 'पोलर बॉडी'. मी बारावीनंतर साहित्याकडे वळले, पण धाकटी बहीण सध्या नीटची तयारी करते आहे. तिने एकदा ही आकृती पुढे करून विचारले, "ताई, त्यांना चार आणि आपल्याला एकच, हा कुठला हिशेब?" प्रश्न तिचा असला तरी उत्तर शोधताना मीच त्यात जास्त गुंतले. आपल्या मंडळात विज्ञानाचे थोडे आणि साहित्याचे बरेच जण आहेत, म्हणून दोघांनाही चालेल अशा भाषेत लिहिते आहे.

आधी मूळ गरज बघू. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडची आणि २३ वडिलांकडची. शुक्राणूत आणि अंड्यातही ४६ राहिली तर बाळात ९२ होतील. म्हणून या दोन पेशी बनताना संख्या निम्मी करावी लागते. या निम्मे करण्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. त्यात गुणसूत्रांची एकदा दुप्पट होते, मग पेशी लागोपाठ दोनदा विभागते. पहिल्या विभाजनात जोडीतले दोन जोडीदार वेगळे होतात. दुसऱ्यात प्रत्येक गुणसूत्राचे दोन सारखे धागे वेगळे होतात. इथपर्यंत स्त्री-पुरुष दोघांतही कृती तीच आहे. फरक पडतो तो वेळेत आणि वाटणीत.

पुरुषाची बाजू सरळ आहे. वयात येईपर्यंत वृषणात अर्धसूत्री विभाजन सुरूच होत नाही. एकदा सुरू झाले की ते रोज, म्हातारपणापर्यंत चालू राहते. मूळ पेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. मध्ये कुठे मुक्काम नाही. चारही पेशी सारख्या निघतात, आणि मग प्रत्येक पेशी आपल्यातला बहुतेक रस टाकून देते, शेपूट काढते आणि निघते. हा रस टाकण्याचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता उजवी बाजू. समजा एक बाई जून १९८७ मध्ये जन्मली. तिच्या अंडाशयातली एकच पेशी आपण नजरेत धरू. त्या पेशीचे अर्धसूत्री विभाजन सुरू झाले तेव्हा ही बाई अजून जन्मलीही नव्हती. १९८७ च्या सुरुवातीला ती आईच्या पोटात काही महिन्यांची असतानाच पेशीने गुणसूत्रांची दुप्पट केली, जोडीदार एकमेकांना चिकटले, त्यांनी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल केली. आणि तिथेच, पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत, पेशी थांबली. म्हणजे आपण प्रत्येक जण ज्या अंड्यातून आलो, त्याची सुरुवात आईच्या आईच्या पोटात झाली होती. मला तरी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहावे लागले.

अशा पेशी पाचव्या महिन्याच्या गर्भात साठसत्तर लाख असतात. जन्माच्या वेळी दहावीस लाख उरतात, वयात येताना तीनचार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात त्या जेमतेम चारपाचशे. बाकीच्या आतच विरून जातात.

आपली पेशी मात्र टिकली. ती वाट बघत राहिली. नुसती झोपलेली नव्हती, पण अंग राखून होती. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की माणसाची ही थांबलेली पेशी ऊर्जा बनवण्याच्या यंत्रणेतला पहिला टप्पाच बंद ठेवते, म्हणजे त्यातून निघणारे घातक पदार्थ कमी होतात. २०२५ मध्ये, बाई ३८ वर्षांची असताना, एका महिन्यात ही पेशी पुढे आली. मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून संप्रेरकाची लाट आली आणि ३८ वर्षांचा मुक्काम उठला. पुढच्या दीड दिवसात पहिले विभाजन पूर्ण झाले, पहिली पोलर बॉडी बाहेर पडली, आणि पेशी दुसऱ्या विभाजनात शिरून पुन्हा थांबली, या वेळी मध्यावस्थेत. अंडाशयातून ती बाहेर येते ती याच थांबलेल्या स्थितीत.

हा दुसरा मुक्काम लहान, साधारण एका दिवसाचा. शुक्राणू आत शिरला की तो एक प्रथिन सोडतो, पेशीत कॅल्शियमच्या लाटा उठतात, आणि मगच दुसरे विभाजन पुरे होऊन दुसरी पोलर बॉडी बाहेर जाते. शुक्राणू आलाच नाही तर पेशी तशीच अर्धवट संपते. पुस्तकात ज्याला 'परिपक्व अंडे' म्हणतात, विभाजन पूर्ण झालेले आणि एकटे, तसे माणसात खरे म्हणजे कधी नसतेच. विभाजन पूर्ण होते तेव्हा शुक्राणू आत आलेला असतो.

आता बहिणीचा प्रश्न: एकच का? फलनानंतर बाळ गर्भाशयाच्या भिंतीत रुजायला सहासात दिवस जातात. तोवर आईच्या रक्ताशी त्याची गाठ नसते. पहिले दोनतीन दिवस तर त्याचे स्वतःचे जनुकही जवळपास गप्प असतात. या काळात पेशी विभागत राहायच्या त्या अंड्यात आधी साठवलेल्या शिदोरीवर: प्रथिने, प्रथिनांचे तयार निरोप, आणि लाखाच्या घरातली मायटोकाँड्रिया. शुक्राणू यातले जवळजवळ काहीच आणत नाही. आपला रस त्याने आधीच टाकला होता, आठवते ना? त्याला पोहायचे असते. म्हणून शिदोरी सगळी एकाच बाजूने यायला हवी. अंड्याचे चार सारखे भाग केले असते तर चार उपाशी पेशी झाल्या असत्या, आणि एकीचेही बाळ आठवडा गाठण्याची शक्यता फार कमी होती.

पण गुणसूत्रे तर निम्मी करायलाच हवीत. तेव्हा पेशीने काढलेला मार्ग असा: गुणसूत्रे अर्धी बाहेर टाकायची, पण त्यांच्याबरोबर रस शक्य तितका कमी जाऊ द्यायचा. पोलर बॉडी म्हणजे जवळजवळ रिकाम्या पिशवीत बांधलेली जादा गुणसूत्रे. हे घडते कसे तेही छान आहे. गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंची जी तर्कू असते, सूतकताईच्या चातीसारखी, ती शुक्राणूच्या पेशीत मध्यभागी असते, म्हणून पेशी मधून चिरते. अंड्यात ती तर्कू सरकून अगदी कडेला जाते. पेशी कापली जाते ती तर्कूच्या जागी, त्यामुळे कडेचा छोटासा फुगवटाच तुटून निघतो. एक बारीक गोष्ट: माणसात पहिली पोलर बॉडी बहुधा पुन्हा विभागत नाही, म्हणून पुस्तकातली तीन टिंबे प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोनच असतात.

या लांब मुक्कामाची किंमत असते. माझ्या एका मावसबहिणीला अडतिसाव्या वर्षी दिवस राहिले तेव्हा तपासणीत डाऊन सिंड्रोमची शक्यता दिसली. घरातल्या मोठ्यांचे प्रश्न सुरू झाले: काय खाल्लेस, उशिरापर्यंत नोकरी कशाला केलीस, कुठे पडली होतीस का? म्हणून २१ नंबरच्या गुणसूत्राचाच हिशेब मांडून बघू.

दुप्पट झाल्यावर पेशीत या गुणसूत्राचे चार धागे असतात. सगळे नीट झाले तर दोन पहिल्या पोलर बॉडीत जातात, एक दुसरीत, आणि एक अंड्यात राहतो. शुक्राणूचा एक मिळून बाळात दोन. हे धागे योग्य वेळेपर्यंत एकत्र धरून ठेवायला कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या असतात. या कड्या आईच्या जन्माआधीच बसतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की नंतर त्या बदलल्या जात नाहीत. तीसपस्तीस वर्षांत काही सुटतात. मग ऐन ओढाओढीच्या वेळी जोडी आधीच सैल झालेली असते आणि धागे चुकीच्या बाजूला जातात. समजा पहिल्या विभाजनात चारही धागे आतच राहिले. दुसऱ्यात दोन बाहेर जातील, तरी अंड्यात दोन उरतील. शुक्राणूचा एक मिळून तीन. हाच डाऊन सिंड्रोम. जादा गुणसूत्र दहात नऊहून अधिक वेळा आईकडून येते, बहुतेक पहिल्याच विभाजनातून. आईचे वय २५ असेल तर अशी शक्यता हजारात एकाहून कमी असते, ३५ ला सुमारे साडेतीनशेत एक, ४० ला सुमारे शंभरात एक. गरोदरपणात काय खाल्ले किंवा कुठे पडली, याचा या कड्यांशी संबंध नाही. चूक झाली तेव्हा गर्भ अजून राहिलेलाही नव्हता.

आणि बाप सुटला असे समजू नका. वृषणातल्या मूळ पेशी वर्षाला वीसेक वेळा विभागतात, दर वेळी सगळा मजकूर पुन्हा उतरवून काढायचा. हाताने पोथ्या उतरवणाऱ्यांसारखेच इथेही होते: पाने गहाळ होत नाहीत, पण अक्षरे चुकतात. बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण एकदोन नवे बदल वाढतात. बहुतेक निरुपद्रवी, पण ठेंगणेपणाचा ॲकॉन्ड्रोप्लासिया हा विकार नव्याने उद्भवतो तेव्हा त्यामागचा बदल जवळजवळ नेहमी बापाकडचा असतो. आईच्या बाजूला थांबण्याचा धोका, बापाच्या बाजूला न थांबण्याचा.

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत पोलर बॉडी ही वाचायची खूणच असते. एक दिसली की अंडे दुसऱ्या मुक्कामाला पोचले, म्हणजे फलनाला तयार. शुक्राणू दिल्यावर सतराअठरा तासांनी दोन पोलर बॉडी आणि आत दोन केंद्रके, एक आईचे व एक बापाचे, दिसली की काम नीट झाले. एकच शुक्राणू सुईने आत सोडला होता आणि तरी तीन केंद्रके दिसतात, बाहेर पोलर बॉडी मात्र एकच, तर समजायचे की दुसरी बाहेर पडलीच नाही. तिच्यातली गुणसूत्रे आतच राहिली आणि एकूण ६९ झाली. असा गर्भ वापरत नाहीत.

पोलर बॉडी काढून तिची गुणसूत्रे मोजताही येतात. तिचा पुढे काही उपयोग नसल्याने अंड्याचे काही जात नाही, आणि तिच्यात जे कमी ते अंड्यात जास्त, असा उलटा हिशेब लावता येतो. पण त्यातून कळते ती फक्त आईची बाजू. शुक्राणूने काय आणले आणि फलनानंतरच्या विभाजनांत काय चुकले, ते त्या टिंबात लिहिलेले नसते.