वेल आणि वेळ

(निवृत्त होणाऱ्या शिक्षकांसाठी विद्यार्थ्यांनी एक छोटी चित्रफीत तयार केली. तिची संहिता कशी लिहिली गेली, ते या पाठात सांगितले आहे. चित्रफितीत काय दिसणार आणि काय ऐकू येणार हे ज्या कागदांवर लिहिलेले असते, त्यांना संहिता म्हणतात.)

आमच्या शाळेत मराठी शिकवणारे सर निवृत्त होणार होते. त्यांची जन्मतारीख 1 जून. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की 1 जून लिहीत, म्हणून ही तारीख कितीतरी लोकांच्या दाखल्यावर आढळते. अशा शिक्षकांचा वयाच्या 58 व्या वर्षी नोकरीचा शेवटचा दिवस 31 मे हा येतो, आणि त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते! म्हणून निरोपाचा कार्यक्रम एप्रिलमध्येच ठरला. दहावीची मुले मार्चमध्ये परीक्षेत गुंतणार, हे ध्यानात घेऊन नववीच्या मुलामुलींनी फेब्रुवारीतच काम सुरू केले.

शाल, नारळ आणि भाषणे तर होणारच होती. मुलांना नऊ मिनिटांची एक चित्रफीत दाखवायची होती. आमच्या मालेगावात ही कल्पना कोणाला नवी वाटली नाही. येथे शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी अगदी थोड्या पैशांत चित्रपट काढले. कॅमेरा पुढे सरकवायला गाडी नव्हती, तेव्हा त्यांनी सायकल वापरली. मुलांजवळ तर दोन मोबाइल होते.

सर्वांत आधी आठवणी हव्या होत्या. मुलांनी वर्गावर्गांत चिठ्ठ्या वाटल्या आणि त्यांवर एकच प्रश्न लिहिला : "सरांविषयी तुम्हांला काय वाटते?" त्रेसष्ट चिठ्ठ्या परत आल्या. त्या वाचून मुले हिरमुसली. "सर फार चांगले आहेत." "सर कडक आहेत पण प्रेमळ आहेत." "सर आमचे आदर्श आहेत." जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या अशाच होत्या. त्यांतले एकही वाक्य खोटे नव्हते. पण सरांचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही नाव घातले तरी चालले असते. आणि पडद्यावर 'प्रेमळ' हा शब्द कसा दाखवणार? कॅमेऱ्याला माणूस दिसतो, वस्तू दिसते, हालचाल दिसते. विशेषण दिसत नाही.

मग मुलांनी प्रश्न बदलले. "सरांनी तुम्हांला उद्देशून म्हटलेले एखादे वाक्य आठवते का? तेव्हा ते कोठे उभे होते? त्यांच्या हातात काय होते?" असे विचारल्यावर लोक क्षणभर गप्प बसत आणि मग बोलू लागत. आता चिठ्ठीतून खडूची पेटी, सायकलची घंटी, ओल्या छत्रीचे पाणी अशा गोष्टी बाहेर येऊ लागल्या.

त्यांतली एक आठवण तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांत होती. आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना 'ळ' हा वर्ण कठीण जातो, कारण उर्दूत तो नाही. जीभ आपोआप 'ल' कडे वळते. एकदा एका मुलाने गृहपाठ केला नव्हता. सरांनी कारण विचारले, तर तो म्हणाला, "सर, काल वेल मिळाला नाही." वर्गातल्या कोणालाच हसू आले नाही, कारण चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती. सरही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कुंडीत लावलेला एक छोटा वेल घेऊन आले, त्या मुलाच्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "घे, वेल मिळाला. आता वेळ तू काढ!" त्या दिवसापासून कुंडी वर्गाच्या खिडकीत राहिली. दरवर्षी नवा वर्ग त्या वेलाकडे बोट दाखवून 'वेल, वेळ, काल, काळ, बाल, बाळ' असे म्हणू लागला.

आठवण उत्तम होती, पण तिन्ही चिठ्ठ्यांचा मेळ बसेना. एकाने मनी प्लँट लिहिले, दुसऱ्याने गोकर्ण, तिसऱ्याने नुसतेच 'फुलांचे झाड'. अशा वेळी आपल्याला आवडेल ती आठवण खरी धरायची नसते. मुले त्या खिडकीपाशी गेली. तेथे गोकर्णाचा वेल होता आणि त्याला निळी फुले होती. पण मनी प्लँट लिहिणारा माजी विद्यार्थीही ठाम होता. शेवटी मुलांनी शाळेच्या शिपाई चाचांना विचारले. चाचा आधी हसले, मग दरवाजा लोटून घेऊन म्हणाले, "असली वाली बेल तो गर्मी की छुट्टियों में सूख गई थी. मैंने दूसरी लगा दी. सर को आज तक नहीं बताया."

म्हणजे दोघेही खरे बोलत होते. आणि चित्रफितीला तिचा गाभा मिळाला होता.

चाचांची मुलाखत घेताना पहिल्या दिवशी आवाज बिघडला. बाहेर यंत्रमागांची खटखट आणि डोक्यावर पंखा. आपले कान नको तो आवाज बाजूला सारतात, मोबाइल मात्र सगळेच टिपतो. म्हणून आधी दहा सेकंद बोलणे टिपून, कानाला हेडफोन लावून ऐकायचे; शब्दांच्या मागे गुणगुण आली की जागा बदलायची, असे ठरले. पुढच्या मुलाखती माग बंद असतात त्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी घेतल्या. पंखा बंद केला, मोबाइल आडवा धरला आणि बोलणाऱ्यापासून एका हाताच्या अंतरावर ठेवला. मध्येच फोन येऊ नये म्हणून तो विमान मोडवर टाकला. प्रत्येक खोलीत, कोणी बोलत नसताना, अर्धा मिनिट नुसती शांतताही टिपून ठेवली. शांतता कशाला, असे तुम्ही विचाराल. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बोलण्यातला नको असलेला भाग कापला की तेथे आवाजाला एकदम खड्डा पडतो. तो खड्डा त्याच खोलीच्या शांततेने बुजवता येतो.

चौदा मुलाखती मिळून दोन तासांहून अधिक बोलणे जमले. त्यातून नऊ मिनिटे निवडायची होती. मोबाइलवर पुढेमागे करत कापायला बसले असते तर मुले गोंधळून गेली असती. त्यांनी आधी सारे बोलणे वहीत उतरवले आणि समासात मिनिट व सेकंद लिहिले. मग पेनाने रेघा मारून निवड केली. हे काम कंटाळवाणे खरे, पण खरी संहिता येथेच तयार होते.

मुलाखती उर्दूत होत्या, त्या तशाच ठेवल्या. ज्याची आठवण, त्याची भाषा. जोडणारे निवेदन मात्र मराठीत लिहिले, कारण ते ऐकणारे मराठीचे सर होते! सावकाश वाचले तर एका मिनिटात साधारण शंभर शब्द होतात. नऊ मिनिटांपैकी निवेदनाला दोनच मिनिटे ठेवली होती. म्हणजे दोनशे शब्द. पहिल्या मसुद्यात सहाशे होते. जे डोळ्यांना दिसते ते निवेदनात पुन्हा सांगायचे नाही, हा नियम लावताच अर्ध्याहून अधिक मजकूर गळाला. सर किती वर्षे शाळेत होते, हेही कोणी 30 तर कोणी 35 लिहिले होते. कार्यालयातील सेवापुस्तकाप्रमाणे ती 31 होती. निवेदनात तोच आकडा गेला.

संहितेतला वेलाचा भाग असा होता :

दृश्य 4. दिसते : खिडकी. गोकर्णाचा वेल गजांवर चढलेला. ऐकू येते : वर्गाचा आवाज, "वेल, वेळ."
दृश्य 5. दिसते : माजी विद्यार्थी, आपल्या दुकानात. ऐकू येते : बाकावर ठेवलेल्या कुंडीची आठवण. तो शेवटी म्हणतो, "वो मनी प्लँट था, मुझे पक्का याद है."
दृश्य 6. दिसते : पुन्हा तीच खिडकी, निळी फुले जवळून. ऐकू येते : काहीच नाही, पाच सेकंद.
दृश्य 7. दिसते : शिपाई चाचा. ऐकू येते : "असली वाली बेल तो..."

येथे निवेदनाचा एकही शब्द नाही. दृश्य 5 आणि 6 शेजारी ठेवले की पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि चाचा त्याचे उत्तर देतात.

एका आठवणीवरून मात्र मुलांत मोठा वाद झाला. एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, दहावीच्या परीक्षेची त्याची फी सरांनी भरली होती आणि "किसी से मत कहना" असे बजावले होते. सांगताना त्याचे डोळे भरून आले. हीच आठवण शेवटी ठेवावी, असे काही मुलींचे म्हणणे होते; एवढे हृदयस्पर्शी दुसरे काहीच नव्हते. दुसऱ्या बाजूला एक मुलगा म्हणाला, "सरांनी ज्यांची फी यंदा भरली असेल, ती मुले त्याच सभागृहात बसलेली असतील. सगळे एकमेकांकडे बघू लागतील." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. सरांनी मागितलेले वचन त्यांच्याच सन्मानासाठी मोडणे मलाही पटत नव्हते. मुलांनी त्या माजी विद्यार्थ्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "पैशांचे काढून टाका. पण सरांनी फॉर्मवरचे माझे नाव दोनदा वाचून घेतले, एक अक्षर चुकले होते ते दुरुस्त करायला लावले, तेवढे राहू द्या." तेवढे राहिले.

चाचांनाही मुलांनी त्यांचे दृश्य आधी दाखवले आणि परवानगी घेतली. "अब तो सर जा ही रहे हैं," असे म्हणून त्यांनी मान डोलावली.

एप्रिलमध्ये सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून चित्रफीत दाखवली गेली. सर पहिल्या रांगेत होते. दृश्य 6 मधल्या पाच सेकंदांत सभागृह अगदी शांत झाले. चाचांचे वाक्य संपले तेव्हा सर पडद्याकडे पाहत नव्हते. ते खुर्चीत वळून, मागे दाराजवळ उभ्या असलेल्या चाचांना शोधत होते.

शब्दार्थ
निवृत्त होणे – नोकरीची मुदत संपणे, सबुकदोश होना
हिरमुसणे – नाराज होणे, मायूस होना
गाभा – मुख्य भाग, मग्ज
समास – वहीच्या पानाची मोकळी कड, हाशिया
निवेदन – चित्राबरोबर ऐकू येणारे वर्णन
मसुदा – कच्चे लेखन, मुसव्वदा

स्वाध्याय
1. पहिल्या चिठ्ठ्या वाचून मुले का हिरमुसली?
2. रिकाम्या खोलीची शांतता कशासाठी टिपली?
3. फीची आठवण वगळली हे तुम्हांला योग्य वाटते का? कारणे द्या.
4. 'ल' आणि 'ळ' यांमुळे अर्थ बदलणाऱ्या शब्दांच्या आणखी दोन जोड्या शोधा व वाक्यांत वापरा.