नऊ टक्क्यांचे सोळा कसे झाले

आठवीच्या वर्गाला मी गेली एकवीस वर्षं सरळव्याज शिकवते. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. हे सूत्र झोपेतून उठवलं तरी मुलांना म्हणता आलं पाहिजे, असा माझा हट्ट असतो. त्याच सूत्राने बँकेने मला गंडवलं, आणि ते कळायला पहिलं बिल हातात पडावं लागलं.

२०२३च्या दिवाळीत जुना फ्रिज आणि कुरकुरणारी वॉशिंग मशीन एकदमच बदलायची ठरली. दोन्ही मिळून ६०,००० रुपये झाले आणि ते मी क्रेडिट कार्डावर भरले. पैसे बचत खात्यात होते, बिल आलं की भरून टाकायचं एवढाच बेत होता. चार दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला: `12 EMIs @ 0.75% p.m. Zero processing fee*`. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे वर्षाला फक्त नऊ टक्के. हप्ता ५,४५० रुपये. करून देऊ?" इतके पैसे एकदम खात्यातून जाण्यापेक्षा बरं, असं वाटलं. घंटा होत होती. मी "हो" म्हटलं, ओटीपी सांगितला आणि वर्गावर गेले.

डिसेंबरचं बिल ७,०१२ रुपयांचं आलं. हप्ता ५,४५० असताना सात हजार कशाचे? खालच्या ओळी वाचल्या. प्रक्रिया शुल्क १,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २१६. हप्त्यातल्या व्याजाचा भाग ८११ आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी, १४६. हप्त्यांच्या तक्त्याच्या डोक्यावर व्याजदर छापलेला होता: १६.२२ टक्के.

मला वाटलं, बँकेचीच काही चूक झाली असावी. माझा भाचा पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम बघतो, त्याला फोन लावला. तो हसला. "मावशी, चूक नाही. तुला जो दर सांगितला तो फ्लॅट. बिलावर छापलाय तो घटत्या शिलकीवरचा. हप्ता दोन्हीकडे तोच."

मग मी फळ्यावर मांडते तसं मांडून पाहिलं. साठ हजारांवर नऊ टक्क्यांनी एका वर्षाचं सरळव्याज ५,४००. मुद्दलात मिळवलं तर ६५,४००, बाराने भागलं की बरोबर ५,४५०. म्हणजे सूत्र माझंच होतं. फक्त त्या सूत्रात मुद्दल वर्षभर साठ हजारच राहतं असं धरलेलं असतं, आणि इथे तर मी दर महिन्याला मुद्दल परत करत होते. पहिल्या महिन्यात माझ्याकडे बँकेचे साठ हजार, शेवटच्या महिन्यात जेमतेम साडेपाच हजार. वर्षभराची सरासरी काढली तर सुमारे ३३,३०० रुपयेच मी वापरत होते, पण व्याज पूर्ण साठ हजारांवर देत होते. ५,४०० भागिले ३३,३०० केलं की १६ टक्के समोर येतात. खरोखर नऊ टक्के असते, तर हप्ता ५,२४७ रुपये आला असता आणि वर्षाचं व्याज २,९६५. फरक जवळजवळ अडीच हजारांचा.

बारा महिन्यांच्या हप्त्यांसाठी एक ढोबळ खूण मी आता लक्षात ठेवली आहे: फ्लॅट दराला १.८ ने गुणायचं. नऊचे सोळा होतात, बाराचे एकवीसच्या पुढे. मोबाइलवर स्प्रेडशीट असेल तर त्यात हे एवढंच लिहायचं:

```
=RATE(12,-5450,60000)*12
```

हप्त्यांची संख्या, वजाचं चिन्ह लावून हप्त्याची रक्कम आणि मुद्दल. उत्तर ०.१६२ येतं, म्हणजे १६.२ टक्के. फोनवरची व्यक्ती टक्के काहीही सांगो, हप्ता तिला खराच सांगावा लागतो. म्हणून टक्क्यांवर वाद घालण्यापेक्षा हप्ता विचारून घ्यावा. १६.२ टक्क्यांच्या उत्तरात शुल्क आणि जीएसटी धरलेला नाही. ते धरले तर माझं साठ हजारांचं कर्ज मला वर्षाला तेवीस-चोवीस टक्क्यांच्या आसपास पडत होतं. बिल भरायला पैसे खात्यात असताना!

आता परतीच्या मागणीबद्दल, कारण बहुतेक लोक इथे चुकतात आणि मीही चुकले असते. माझा पहिला विचार होता, कस्टमर केअरला फोन करून "तो ईएमआय बंद करा" म्हणावं. भाच्याने थांबवलं. आपण 'बंद करा' म्हटलं की बँकेच्या भाषेत ते मुदतपूर्व फेड ठरतं. त्यावर बऱ्याच कार्डांवर उरलेल्या मुद्दलाच्या तीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. घेतलेलं प्रक्रिया शुल्क तर परत मिळतच नाही. आपली मागणी वेगळी असते: खोटी माहिती देऊन केलेलं रूपांतर रद्द करा आणि त्यापायी लावलेले आकार उलटवा. शब्दाचा फरक दिसायला छोटा आहे, पण माझ्या बाबतीत तो सुमारे १,८०० रुपयांचा होता.

दुसरं, बिल अडवून धरलं नाही. राग तर इतका होता की एक पैसा भरू नये असं वाटत होतं. पण हप्ता हा किमान देय रकमेत पूर्ण धरलेला असतो. तो थकला तर विलंब शुल्क, वर कार्डाचं नेहमीचं चढं व्याज, आणि मूळ तक्रार बाजूला पडून आपणच थकबाकीदार. मी ७,०१२ पूर्ण भरले आणि त्याच दिवशी ईमेलमध्ये लिहिलं की ही रक्कम तक्रारीचा हक्क राखून भरली आहे.

ईमेलचा मसुदा तीन वेळा बदलला. पहिल्यात नुसता संताप होता. शेवटी जे पाठवलं ते साधारण असं:

"अमुक तारखेला आपल्या मेसेजमध्ये प्रक्रिया शुल्क शून्य आणि व्याज दरमहा ०.७५ टक्के असं कळवलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या फोनवर तुमच्या प्रतिनिधीने हा दर 'वर्षाला फक्त नऊ टक्के' असा सांगितला. एकूण व्याज ५,४०० रुपये होईल, दर मूळ रकमेवर आहे किंवा शुल्क लागेल, हे सांगितलं नाही. बिलात १६.२२ टक्के दर आणि १,२०० रुपये शुल्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट व डेबिट कार्डांबाबतच्या २०२२च्या निर्देशांनुसार रूपांतराआधी मुद्दल आणि व्याज स्पष्ट दाखवणं बंधनकारक आहे. म्हणून, एक, शुल्क १,२०० आणि त्यावरचा जीएसटी २१६ परत करावा. दोन, नऊ टक्के घटत्या शिलकीच्या दराने हप्ते पुन्हा आखावेत, अथवा रूपांतर मुदतपूर्व फेडीचा आकार न लावता रद्द करावं. फोनचं ध्वनिमुद्रण जपून ठेवावं आणि मला ऐकवावं."

सोबत मेसेजचा स्क्रीनशॉट आणि बिलाचं ते पान. जीएसटीची रक्कम वेगळी लिहिणं गरजेचं आहे. शुल्क परत देताना त्यावरचा कर मागे ठेवला जातो आणि २१६ रुपयांसाठी पुन्हा पत्रव्यवहार कोण करणार, म्हणून माणूस सोडून देतो.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. शून्य शुल्काची सवलत फक्त ॲपमधून रूपांतर करणाऱ्यांना होती, मेसेजमधल्या चांदणीचा अर्थ तोच. दर 'मान्य अटींनुसार' आहे. तक्रार बंद. ही तक्रार बंद करण्याची घाई मोठी गमतीची असते. आपण अजून बोलतच असतो आणि तिकडे दार लागलेलं असतं. मी त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याला लिहिलं. त्यांचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. नवा मुद्दा एकच घातला: मला तुम्हीच फोन केलात आणि फोनवरच संमती घेतलीत, तर ॲपची अट त्याच फोनवर सांगितली होती का? ध्वनिमुद्रण ऐकवा. शेवटच्या ओळीत लिहिलं की पहिल्या तक्रारीपासून तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ती तक्रार `cms.rbi.org.in` वर विनाशुल्क करता येते. मात्र आधी बँकेकडे तक्रार केलेली असावी लागते, आणि बँकेने ती फेटाळलेली, अपुरं उत्तर दिलेलं किंवा तीस दिवसांत उत्तरच न दिलेलं असावं लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून लेखी बोलायचं. फोनवर तासभर घसा कोरडा केला तरी हाती पुरावा राहत नाही.

ध्वनिमुद्रण मला कधीच ऐकवलं गेलं नाही. सव्विसाव्या दिवशी एका अधिकाऱ्याचा फोन आला. 'सदिच्छा म्हणून' शुल्क आणि जीएसटी मिळून १,४१६ रुपये परत देऊ, रूपांतरही आकार न लावता रद्द करू. पण लागलेलं व्याज राहील आणि दर बदलणार नाही. तोवर दुसरा हप्ताही गेला होता. दोन महिन्यांचं व्याज १,५५९ झालं होतं, नऊ टक्क्यांनी ते ८६४ झालं असतं. म्हणजे माझे सुमारे सातशे रुपये आणि त्यावरचा कर अजून तिकडेच होता.

त्यासाठी लोकपालाकडे जावं का, यावर घरात दोन दिवस खल झाला. जाता आलं असतं. पण मी ५,४५० हा आकडा ऐकून "हो" म्हटलं होतं, आणि बाराने गुणायला मला वर्गाकडे जाताना जिन्याच्या चार पायऱ्या पुरल्या असत्या. ते सातशे मी माझ्या नावावर टाकले. कुणी सोडू नयेत असं वाटलं, तर तेही बरोबरच आहे.

फोनवर "ठीक आहे" न म्हणता, ठरलेलं ईमेलवर पाठवा, मग मान्य करते, असं सांगितलं. ईमेल आल्यावर उरलेले ५०,६५९ रुपये भरले. शुल्काची परत आलेली रक्कम फेब्रुवारीच्या बिलात दोन ओळींत दिसली, १,२०० वेगळे आणि २१६ वेगळे. हप्त्यांचा तक्ता मात्र बिलात तसाच होता आणि तिसरा हप्ताही लागलेला. पुन्हा ईमेल, सोबत त्यांचंच ईमेल. मार्चच्या बिलात तो हप्ता उलटवलेला दिसला, तक्ता गेला होता आणि कार्डाची अडकलेली मर्यादा पूर्ण मोकळी झाली होती.