मुंग्या गेल्या, चौकोन आले

प्रश्न : आमच्या इमारतीतली केबल जुनी आहे. पूर्वी पावसाळ्यात पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी मालिका बघता यायची. सेट-टॉप बॉक्स आल्यापासून चित्र एक तर लख्ख दिसतं, नाहीतर चौकोन चौकोन होऊन थांबतं. तेही ठरावीक दहा-बारा चॅनेलवरच. केबलवाला म्हणतो, सिग्नल फुल आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये QAM 64 आणि Symbol Rate 6875 असं दिसतं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, दिवा (पूर्व)

उत्तर : आहे. तुमच्या तक्रारीचं मूळच त्या ओळीत आहे.

लहरीवर माहिती चढवायची तर तिची उंची, वारंवारता किंवा फेज, म्हणजे आवर्तन कुठल्या क्षणी सुरू होतं ते, यांपैकी काहीतरी बदलावं लागतं. तुमच्या जुन्या केबलवर या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. चित्रातला उजेड-अंधार लहरीच्या उंचीत असायचा (एएम), आवाज वारंवारतेच्या बदलात (एफएम), आणि रंग कुठला हे फेजवरून ठरायचं. तारेत शिरलेला गोंगाट मुख्यतः उंचीला चिकटतो, म्हणून चित्रावर मुंग्या यायच्या. पण एफएमचा रिसीव्हर उंचीकडे बघतच नाही, म्हणून आवाज बराच वेळ स्वच्छ राहायचा.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात आले. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून तारेतून चित्र जात नाही, आकडे जातात, आणि ते नेतं क्वाम, म्हणजे तुमच्या सेटिंगमधलं QAM.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेषेवर −७, −५, −३, −१, १, ३, ५, ७ अशा आठ खुणा करा, उभीवरही त्याच. जुळणीचे ६४ बिंदू मिळतात. प्रत्यक्षात एकाच वारंवारतेच्या, पण एकमेकींपासून पाव आवर्तन सरकलेल्या दोन लहरी असतात. एकीची उंची आडवा आकडा सांगते, दुसरीची उभा. पाव आवर्तनाच्या फरकामुळे त्या मिसळल्या तरी बॉक्सला वेगळ्या काढता येतात. समजा (३, −५) हा बिंदू पाठवला. मिळून बनलेल्या लहरीची उंची ५.८ आणि फेज आडव्या रेषेखाली ५९ अंश. म्हणजे उंची आणि फेज, दोन्ही एकदम वापरल्या गेल्या. ६४ पैकी एक बिंदू निवडणं म्हणजे सहा बिट सांगणं, कारण सहा बिटांच्या ६४ जुळण्या होतात. अशा एका बिंदूला सिम्बॉल म्हणतात.

आता तुमचा 6875 : सेकंदाला ६८.७५ लाख सिम्बॉल. गुणिले सहा, म्हणजे ४१.२५ मेगाबिट. दर २०४ बाइटांतले १६ चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ते वजा जाता ३८ मेगाबिट उरतात. एवढ्यात, ८ मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात, दहा-बारा चॅनेल बसतात. तुमचे बिघडणारे चॅनेल बहुधा एकाच पट्ट्यातले आहेत. चॅनेल माहितीत त्यांची वारंवारता सारखीच आहे का, ते पाहा.

शेजारच्या बिंदूंमधलं अंतर २. गोंगाटाने बिंदू १ पेक्षा जास्त सरकला, की बॉक्स शेजारचा बिंदू वाचतो. २०४ बाइटांत आठ बाइटपर्यंत चुकले तर ते दुरुस्त होतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. नववा चुकला की सगळं पाकीट वाया. मधली मुंग्यांची पायरीच उरलेली नाही.

मग ऑपरेटर २५६ बिंदू का वापरत नाहीत? काही वापरतातही. पण बिट सहाचे आठच होतात, आणि तेवढ्याच ताकदीत बिंदूंमधलं अंतर निम्मं होतं. त्यासाठी सिग्नल सुमारे ६ डेसिबलने अधिक स्वच्छ लागतो. जुन्या तारेवर हा सौदा परवडत नाही.

‘सिग्नल फुल आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो. त्याच्यावर ताण आला तर सर्वांत उंच, म्हणजे कोपऱ्यातले बिंदू आत दाबले जातात आणि चुका उलट वाढतात. ताकद आणि स्वच्छता वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. स्वच्छतेचा आकडा मीटरवर MER म्हणून दिसतो. ६४-क्वामला तो साधारण २४-२५ डेसिबलवर आला की चित्र तुटायला लागतं. घरात किमान २८ हवा. केबलमध्ये पाणी शिरलं की वरच्या वारंवारतांची घट जास्त होते, म्हणून पावसात आधी तिथले चॅनेल जातात.

पहिल्यांदा घरातला स्प्लिटर काढून तार थेट बॉक्सला लावून बघा; दोन वाटांचा स्प्लिटरही साडेतीन डेसिबल खातो. कनेक्टरच्या आत हिरवट गंज असेल तर तो बदलायला लावा. तरीही चौकोन येत राहिले, तर केबलवाल्याला ॲम्प्लिफायर वाढवू देऊ नका. त्याच वारंवारतेचा MER आधी गच्चीवरच्या जोडावर आणि मग तुमच्या बॉक्सपाशी मोजायला सांगा. दोन आकड्यांत मोठा फरक आला, तर दोष मधल्या तारेत आहे आणि तीच बदलायला हवी.