पॅनेलचा एक तृतीयांश भाग गरम दिसला तर

छतावरच्या एका स्ट्रिंगमधून वीज कमी येते आणि थर्मल कॅमेऱ्यात एका पॅनेलचा तिसरा हिस्सा सलग गरम दिसतो. ७२ सेलच्या पॅनेलमध्ये २४-२४ सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येकाला एक बायपास डायोड. गरम गटाची वीज बाहेर जात नाही, हे कॅमेरा सांगतो. का जात नाही, ते आय-व्ही वक्रातून कळते.

काय करावे

- आधी कॅमेरा, मग वक्र. इन्व्हर्टर पूर्ण चालू असताना, स्वच्छ उन्हात, ऊन किमान ६०० वॅट प्रति चौरस मीटर असतानाच चित्र घ्यावे. ढग सरकल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे.
- वक्रासाठी स्ट्रिंग सोडवण्यापूर्वी इन्व्हर्टर बंद करावा, डीसी आयसोलेटर उघडावा आणि क्लॅम्प मीटरवर प्रवाह शून्य झाल्याची खात्री करावी.
- शेजारच्या सारख्याच स्ट्रिंगचा वक्र लगेच पाठोपाठ घ्यावा. समजा, १८ पॅनेलची चांगली स्ट्रिंग उघड्या परिपथात ७४० व्होल्ट दाखवते आणि संशयित ७२६. फरक १४ व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ एका पॅनेलचा तिसरा हिस्सा. वक्रात पायरी नसेल, तर डायोड शॉर्ट आहे किंवा त्या गटाची जोडणी तुटली आहे. व्होल्टेज पूर्ण असून वक्राला पायरी पडली, तर डायोड आपले काम करतो आहे. दोष सावलीत, घाणीत किंवा तडकलेल्या सेलमध्ये शोधावा.
- पायरी दिसली की आधी काच पुसावी, टाकीची किंवा केबलची सावली पाहावी आणि वक्र पुन्हा घ्यावा. पॅनेल बदलायचा विचार त्यानंतर.

काय टाळावे

- एकाच स्ट्रिंगचा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून निकाल देऊ नये. सेल एक अंश तापला की व्होल्टेज साधारण ०.३ टक्के घटते. ७४० व्होल्टवर म्हणजे सुमारे २ व्होल्ट. तापमान सहा अंश चुकीचे धरले, तर शॉर्ट डायोड असूनही दिसणार नाही, किंवा नसताना दिसेल. लांब स्ट्रिंगमध्ये ही फसगत सर्वाधिक होते, म्हणून शेजारणीशी तुलना मी कधीच सोडत नाही.
- कॅमेरा फार तिरका धरू नये. काचेवर आकाश, इमारत किंवा स्वतःचेच प्रतिबिंब उमटते. जागा बदलल्यावर डाग सरकला, तर तो प्रतिबिंबाचा.
- प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढू नये. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही.
- डायोड तुटून उघडा पडला असेल, तर स्वच्छ उन्हात वक्र निर्दोष येतो. म्हणून फक्त वक्रावर विसंबू नये. संशयित गटातला एक सेल थोडा वेळ झाकून वक्र घ्यावा. व्होल्टेज सुमारे एका गटाइतके कमी होण्याच्या जागी पायरी न दिसता प्रवाहच कोसळला, तर डायोड उघडा आहे.