निरोपाच्या दोन ओळी

बी. ए.च्या वर्गात आपण सारांशलेखन शिकतो. त्यात मूळ उताऱ्यातील प्रत्येक मुद्द्याला जागा द्यावी लागते. निरोपाच्या कार्डावरील मजकूर आटोपशीर करताना मात्र हा नियम उपयोगी पडत नाही. तेथे एकच मुद्दा ठेवून बाकीचे सोडायचे असतात. कोणता ठेवावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

समजा, नागपुरातील एका कार्यालयातील ताईंची अमरावतीस बदली झाली आहे. शाखेतील नऊ जणांनी मिळून पुढील मजकूर तयार केला :

‘आदरणीय ताई, आपण सहा वर्षे अत्यंत निष्ठेने सेवा बजावलीत. आपला मनमिळाऊ स्वभाव सदैव स्मरणात राहील. नव्या माणसाला आपण शेजारी बसवून फाईल लावायला शिकवलेत. मे महिन्यातही शाखेतला माठ कधी कोरडा पडू दिला नाहीत. आपण आमच्या आधार होतात. आपणांस उत्तम आरोग्य व सुयश लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’

प्रथम, जे वाक्य दुसऱ्या कोणालाही देता येईल ते खोडावे. निष्ठा, मनमिळाऊपणा, सुयश, सारे गेले. तारखात्याच्या शुभेच्छा-तारांत ठरावीक वाक्यांना क्रमांक असत. नुसता क्रमांक सांगितला की वाक्य पोचे. 2013 साली तारसेवा बंद झाली. ती वाक्ये आटोपशीर होती, पण ती कोणालाही चालत. म्हणजे लहान वाक्य आपोआप जिव्हाळ्याचे होत नाही.

आता फाईल आणि माठ उरले. येथे सह्या मोजाव्यात. फाईल लावायला ताईंकडून शिकले ते तिघेच. उरलेले सहा जण त्यांच्याही आधीचे. तेव्हा त्या वाक्यातील ‘आम्ही’ खोटा ठरेल. माठाचे पाणी मात्र नऊही जण प्याले आहेत. म्हणून माठ ठेवावा. फाईलची आठवण त्या तिघांपैकी एकाने आपल्या सहीखाली लिहावी.

तिसरी गोष्ट काळाची. ‘आपण आधार होतात’ हे वाक्य शोकसभेतल्यासारखे वाटते. भूतकाळ घडलेल्या प्रसंगापुरता ठेवावा, माणसाच्या गुणांना लावू नये. आपल्याकडे घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुसरी ओळ त्याच वळणाची असावी. ‘आपण’ही मानपत्रात शोभते, रोज ‘तुम्ही’ म्हणतो, तर कार्डावरही तेच लिहावे. मग उरते ते असे :

‘ताई, मे महिन्यातही तुम्ही शाखेतला माठ कधी कोरडा पडू दिला नाहीत.
आता तो आम्ही भरू. नागपूरला याल तेव्हा आधी इथेच पाणी प्यायला या.’

शब्द कमी करण्याच्या भरात ‘माठ भरला, आठवण राहील’ असे क्रियापदांचे तुकडे करू नयेत. ताईंचे नाव झाकून वाचावे. तरीही शाखेतील कोणी ‘ह्या ताईच’ म्हणाला, तर मजकूर साधला.