एकच रुग्ण, तरी हात पुन्हा का स्वच्छ करायचे?

आपल्या वस्त्यांमधून रुग्णालयात कामाला जाणारी माणसे पुष्कळ आहेत. कुणी मावशी आहे, कुणी वॉर्डबॉय, कुणी सफाई कामगार, कुणी सिस्टर. ज्या घरातून कुणी कामाला जात नाही, त्या घरातलेही कुणीतरी कधी ना कधी आजारी माणसाच्या खाटेशी रात्र काढतेच. म्हणून या वेळी आम्ही रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना दाखवल्या जाणाऱ्या एका चित्रफितीबद्दल लिहीत आहोत. हात कसे आणि केव्हा स्वच्छ करायचे, एवढाच तिचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. प्रशिक्षणात दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक चित्रफिती त्यांवरच बेतलेल्या असतात.

अशा चित्रफितीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात कॅमेरा हातांच्या अगदी जवळ जातो आणि हात कसे चोळायचे ते दाखवतो. दुसऱ्या भागात कॅमेरा मागे येतो, खाट आणि रुग्ण दिसतो, आणि हात कोणत्या क्षणी स्वच्छ करायचे ते कळते. पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. चूक होते ती बहुधा दुसऱ्या भागात.

जवळून काय दिसते?

हात डोळ्यांना स्वच्छ दिसत असतील तर रुग्णालयात बहुतेक वेळा अल्कोहोलचे द्रावण, म्हणजे हँडरब वापरतात. ते तळहाताच्या खळग्यात भरेल इतके घ्यायचे. पंप अर्धाच दाबून दोन थेंब घेतले तर ते बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जाते. पुरेसे घेतले की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. पूर्ण हात चोळून कोरडे व्हायला २० ते ३० सेकंद लागले पाहिजेत. दहा सेकंदांतच हात कोरडे झाले तर द्रावण कमी पडले असे समजावे.

चोळण्याचा क्रम असा. आधी तळहातावर तळहात. मग एका हाताचा तळवा दुसऱ्या हाताच्या पाठीवर ठेवून बोटे बोटांत घालायची, आणि हात बदलून तेच करायचे. मग तळवे समोरासमोर ठेवून बोटांच्या बेचक्या चोळायच्या. मग बोटे वाकवून एकमेकांत अडकवायची आणि बोटांच्या पाठी समोरच्या तळव्यावर घासायच्या. मग एकेक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवायचा. शेवटी बोटांची टोके जुळवून समोरच्या तळव्यावर गोल गोल चोळायची, दोन्ही हातांची.

कॅमेरा अंगठ्यावर आणि बोटांच्या टोकांवर जास्त वेळ थांबतो, त्याला कारण आहे. १९७८ साली ब्रिटनमधल्या एका परिचर्या मासिकात एक अभ्यास छापून आला. हातांना रंगद्रव्य लावून धुवायला सांगितले की कोणती जागा सुटते, हे त्यात पाहिले होते. अंगठे, बोटांची टोके आणि बेचक्या याच जागा पुन्हा पुन्हा सुटत होत्या. आजही प्रशिक्षणात अंधारात चमकणारे द्रावण हातांना चोळायला देतात आणि निळसर दिव्याखाली हात धरायला लावतात. जिथे द्रावण लागलेले नसते ती जागा काळी दिसते. आणि रुग्णाची नाडी पाहताना, सुई धरताना, जखमेची पट्टी सोडवताना आपण वापरतो ती नेमकी बोटांची टोके आणि अंगठाच.

हातांना मळ, रक्त किंवा शी-शू लागली असेल तर मात्र हँडरब चालत नाही. तेव्हा साबण आणि वाहते पाणीच हवे. हात ओले करण्यापासून कोरडे करेपर्यंत ४० ते ६० सेकंद द्यावे लागतात. काही जुलाबांच्या जंतूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. अशा रुग्णाचे काम केल्यावरही साबणच वापरावा. हात धुऊन झाल्यावर नळ उघड्या बोटांनी बंद केला तर नळावरची घाण पुन्हा हाताला लागते. म्हणून चित्रफितीत हात पुसलेल्या कागदानेच नळ बंद करताना दाखवतात. सगळ्या वॉर्डाला मिळून खुंटीवर टांगलेला एकच ओला नॅपकिन असेल तर धुतलेल्या हातांचा उपयोग उरत नाही.

पाच क्षण, एका खाटेशी

आता दुसरा भाग. समजा सहा नंबरच्या खाटेवर काल सीझर झालेली एक बाई आहे. तिच्या हाताला सलाईनची नळी, म्हणजे इंट्राकॅथ लावलेले आहे. लघवीसाठी कॅथेटर आहे आणि त्याची पिशवी खाटेच्या कडेला लटकते आहे. सिस्टर पाच नंबरच्या खाटेकडून येते.

चित्रफितीतली सिस्टर आधी हात स्वच्छ करते आणि मगच बाईचे मनगट धरते. हा पहिला क्षण, रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचा. पाच नंबरवरचे जंतू सहा नंबरवर जाऊ नयेत म्हणून. हे सगळ्यांना पटते.

मग ती उशी सरळ करते, खाटेचा कठडा वर करते, आणि आता इंट्राकॅथमधून इंजेक्शन द्यायचे आहे. इथे ती पुन्हा हात स्वच्छ करते. हा दुसरा क्षण, शरीराच्या आत पोहोचणाऱ्या कामाच्या आधीचा. इथेच प्रशिक्षणात कुणीतरी हमखास विचारते, "अहो, बाई तीच आहे, आत्ताच तर हात चोळले, पुन्हा कशाला?" आम्हीही नवीन असताना हेच विचारले होते.

उत्तर असे की बाई तीच असली तरी जागा वेगळी आहे. तिच्या कातडीवर, उशीवर, कठड्यावर जे जंतू आहेत ते तिथे असेपर्यंत बहुधा तिला काही करत नाहीत. पण तेच जंतू बोटांवरून इंट्राकॅथच्या तोंडाशी गेले तर थेट रक्तात पोहोचतात. कातडी हे शरीराचे दार आहे, आणि नळी लावली की ते दार उघडे राहते. पहिला क्षण एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याला लागू देत नाही. दुसरा क्षण रुग्णाला तिच्याच अंगावरच्या जंतूंपासून वाचवतो. तो चुकला तर लगेच काही दिसत नाही. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप येतो किंवा नळीची जागा लाल होऊन दुखते, आणि तेव्हा हात कुणाचे होते हे कुणाला आठवत नाही.

पुढे मावशी येते आणि लघवीची पिशवी रिकामी करते. तिने हातमोजे घातले आहेत. काम झाल्यावर ती मोजे काढते आणि हात स्वच्छ करते. हा तिसरा क्षण, रक्त, लघवी, शी, पू यांच्याशी संपर्क आल्यानंतरचा. मोजे होते तरी हात स्वच्छ करायचेच, कारण मोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि काढताना बाहेरची बाजू मनगटाला लागते. तेच मोजे घालून मावशी पुढच्या खाटेवर गेली, तर मोजे फक्त तिचे हात वाचवतात, रुग्णाला नाही. घातलेल्या मोज्यांवर हँडरब चोळणे हाही उपाय नाही. मोजे काढायचे, हात स्वच्छ करायचे, गरज असेल तर नवे घालायचे.

चौथा क्षण रुग्णाला स्पर्श करून तिच्यापासून दूर जाताना. पाचवा क्षण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सिस्टरने बाईला हातच लावला नाही, फक्त सलाईनचा वेग कमी केला किंवा लॉकरवरचा पेला बाजूला केला. तरीही जाताना हात स्वच्छ करायचे. खाट, कठडा, लॉकर, सलाईनचा स्टँड यांवर त्या रुग्णाचेच जंतू असतात. केस पेपर, ट्रॉली, दाराची कडी आणि खिशातला मोबाईल मात्र सगळ्या वॉर्डाचे. आतल्या वस्तूवरून हात बाहेरच्या वस्तूवर गेला की जंतू सगळीकडे फिरायला मोकळे.

पाच क्षण म्हणजे दर वेळी पाचदा हात चोळणे नव्हे. सहा नंबरवरून थेट सात नंबरला जायचे असेल तर मधे एकदाच हात स्वच्छ केले की इथला चौथा आणि तिथला पहिला असे दोन्ही क्षण साधतात. पिशवी रिकामी करून लगेच निघायचे असेल तर तिसरा आणि चौथा एकत्र होतात. मात्र हँडरबची बाटली हाताशी हवी. ती वॉर्डाच्या दाराशी एकच ठेवली आणि खाटा तीस असल्या, तर चित्रफीत कितीही चांगली असो, दुसरा क्षण चुकणारच. तो दोष एकट्या सिस्टरचा नसतो.

मावशीला बोलावले होते का?

आम्ही वॉर्डात असताना एक गोष्ट पाहिली आहे. चित्रफीत दाखवायची वेळ आली की सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टर सभागृहात बसत, आणि मावश्या त्या वेळी वॉर्ड सांभाळत. बेडपॅन देणे, पिशवी ओतणे, चादर बदलणे ही कामे त्यांची. म्हणजे तिसरा आणि पाचवा क्षण सर्वांत जास्त वेळा ज्यांच्या हाती येतात, त्यांनीच चित्रफीत पाहिलेली नसे. तुमच्या घरातले कुणी कंत्राटावर अशा कामाला असेल तर त्यांनी हे प्रशिक्षण मागावे. ते मागणे त्यांच्या स्वतःच्या अंगाच्या रक्षणासाठीही आहे, कारण तिसरा क्षण आधी काम करणाऱ्याला वाचवतो.

रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. रुग्णाला भरवण्यापूर्वी आणि बाळाला हातात घेण्यापूर्वी हात स्वच्छ करावेत. बेडपॅन दिल्यावर किंवा लंगोट बदलल्यावर साबणाने धुवावेत. आणि इंट्राकॅथला किंवा कॅथेटरच्या जोडाला स्वतः हात लावू नये. सलाईन संपले, नळी ओढली गेली, तर सिस्टरला हाक मारावी.

आणि सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, तिने कठड्याला हात लावून तसेच इंट्राकॅथ धरले, तर काय करावे? भांडू नये, पण गप्पही बसू नये. "सिस्टर, हात चोळून घेता का?" एवढे नम्रपणे विचारावे. आम्हालाही वॉर्डात एका आजींनी असे विचारले होते. त्या क्षणी ओशाळल्यासारखे झाले खरे. पण आजींचे बरोबर होते, आणि आम्ही हात चोळून मगच इंजेक्शन दिले.